कवितेतली मुलगी दहा वर्षांची का आहे?

प्रश्न : सर, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथेच, ग्वाल्हेरला. निबंधाचा विषय आहे ‘कन्फेशनल कविता आणि कवितेतला मी’. शब्दमर्यादा तीन हजार. मी अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची ‘डॅडी’ घेतली आहे. तिच्यात मुलगी मेलेल्या बापाला नाझी ठरवते, पण प्लाथचे वडील नाझी वगैरे नव्हते हे वाचल्यापासून अडकले आहे. मग ही कबुली कशाची? मॅडम म्हणतात, ‘प्लाथ म्हणते’ असं लिहू नकोस, ‘निवेदक म्हणते’ असं लिही. पण निवेदकच म्हणायचं असेल तर या कवितेला कन्फेशनल तरी कशाला म्हणायचं?

उत्तर : तू अडकलीस ती जागा चांगली आहे, तिथून घाईने हलू नकोस. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं कविता शिकवली आणि या विषयावरचे निबंध गठ्ठ्याने तपासले. बहुतेकांची एकच तऱ्हा असायची. पहिल्या परिच्छेदात ‘कवी आणि कवितेतला मी एक नसतात’ असं ठणकावून सांगायचं, आणि पुढची दहा पानं दोघांना एकच समजून लिहायचं. अंतर आहे एवढं म्हणून निबंध होत नाही. ते मोजावं लागतं. कविता आयुष्यापासून नेमकी कुठे सुटते, किती सुटते आणि सुटल्यामुळे तिच्या हाती काय लागतं, एवढं एका कवितेत दाखवलंस तरी पुष्कळ झालं.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं सोपं जाईल. ‘कन्फेशनल’ला आपल्याकडे ‘कबुलीजबाब’ म्हणतात आणि तो शब्द आपल्याला थेट पोलीस ठाण्यात नेऊन बसवतो. कबुलीजबाब खरा तरी असतो, नाहीतर खोटा. त्यामुळे कविताही खरी की खोटी अशी आपण तपासायला लागतो. मूळ शब्दाला चर्चमधल्या पापनिवेदनाचाही वास आहे, आणि तिथे पुरावा मागत नाहीत. पण नाव पडलं ते यांपैकी कोणत्याच ठिकाणी नाही, एका पुस्तक-परीक्षणात पडलं. १९५९ साली अमेरिकन कवी रॉबर्ट लॉवेलचा ‘लाइफ स्टडीज’ हा संग्रह आला. एम. एल. रोझेन्थाल या समीक्षकाने त्यावर ‘पोएट्री अॅज कन्फेशन’ या मथळ्याचं परीक्षण लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की लॉवेलने मुखवटा उतरवला आहे आणि कवितेत बोलणारा निःसंशय तो स्वतःच आहे. कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९१९ मध्ये कविता म्हणजे व्यक्तिमत्त्वापासून सुटका असं म्हटलं होतं आणि पुढची चाळीस वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. त्या पार्श्वभूमीवर रोझेन्थालला हा मोठाच धक्का वाटला असणार.

आता त्याच संग्रहाची शेवटची कविता बघ, ‘स्कंक अवर’. समुद्रकाठचं ओसरतीला लागलेलं गाव, अंधारी रात्र. बोलणारा माणूस आपली फोर्ड घेऊन टेकडीवर चढतो आणि तिथे गाड्यांत बसलेल्या प्रेमी जोडप्यांना चोरून बघत राहतो. मग म्हणतो, माझं डोकं ठिकाणावर नाही. लॉवेल मानसिक आजारासाठी अनेकदा रुग्णालयात राहिलेला होता. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, संपूर्ण पुस्तकातली सर्वांत उघडी, सर्वांत लाजिरवाणी कबुली हीच. पुढे या कवितेविषयी लिहिताना लॉवेलने सांगून टाकलं की जोडप्यांना बघण्याचा प्रसंग माझा नाहीच. म्हाताऱ्या वॉल्ट व्हिटमनबद्दलच्या एका आख्यायिकेतून तो घेतला. त्याच जागी येणारी ‘मीच नरक आहे’ ही ओळ तर मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधल्या सैतानाची आहे. म्हणजे रोझेन्थालला जिथे उघडा चेहरा दिसला, तिथे लॉवेलने एक गोष्ट व्हिटमनकडून आणि एक मिल्टनकडून उसनी आणली होती.

१९६१ सालच्या एका मुलाखतीत लॉवेलने हे जवळजवळ कबूलच केलं आहे. तपशिलांशी मी पुष्कळ खटपट केली, असं तो सांगतो. आणि तरी आपल्याला खराखुरा रॉबर्ट लॉवेल मिळतो आहे असा वाचकाचा विश्वास बसावा, हीही त्याची इच्छा होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कन्फेशनल हे नाव कवितेच्या खरेपणाला दिलेलं नाही, वाचकावर होणाऱ्या परिणामाला दिलेलं आहे. ‘हे खरंच घडलं’ असं वाटायला लावणं हे या कवितेचं तंत्र आहे, जसं गझलेत रदीफ-काफिया सांभाळणं हे तंत्र असतं. म्हणून निवेदक म्हणूनही कविता कन्फेशनल राहते. निवेदक आहे हे विसरायला लावणारी ती कविता.

इथे माझा एक किस्सा सांगतो, कारण हे पुस्तकात वाचण्याआधी मी घरात शिकलो. वडील गेल्यावर वर्षभराने आमच्या गणेशोत्सवाच्या कविसंमेलनात मी एक कविता वाचली. तिच्यात ‘मी’ स्टेशनवर अडकला आहे, झेलम दीड तास उशिरा आहे, आणि तो पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. कविता बरी होती, दोन-चार जणांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका घरी हजर. चहा न घेताच म्हणाले, “अरे, तू इथेच होतास की! मडकं तूच धरलं होतंस. लक्ष्मीगंजला मी तुझ्या शेजारी उभा होतो. ही झेलम कुठून काढलीस?” मी म्हणालो, “काका, कविता आहे ती.” तर म्हणाले, “कविता असेल, पण बाप तर खरा होता ना!” कवितेची प्रत त्यांनी मागून घेतली आणि आठवड्याने परत केली. झेलमच्या ओळीसमोर पेन्सिलीने ‘खोटे’ असं लिहिलेलं होतं.

मी बरेच दिवस चिडून होतो. मग मलाच विचारावं लागलं, की झेलम खरंच कुठून आली? तर त्या दिवशी मी सगळं केलं, मडकं धरलं, अग्नी दिला, पण मला त्यातलं काही आठवत नाही. शरीराने होतो, बाकी नव्हतो. ‘मी तिथे होतो पण नव्हतो’ असं लिहून पाहिलं, तर ती ओळ निव्वळ भाषण झाली. उशिरा आलेली गाडी मात्र ग्वाल्हेरच्या प्रत्येक माणसाला कळते. म्हणजे बदल दुःख लपवायला नव्हता, दुसऱ्याला दाखवता यावं म्हणून होता. पण काकांचंही अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या मुद्द्याकडे शेवटी येतो.

आता ‘डॅडी’. माझा सल्ला असा, की ती एकटी घेऊ नकोस. बापावरच्या प्लाथच्या तीन कविता शेजारी-शेजारी मांड. १९५९ च्या मार्चमध्ये ती विन्थ्रॉपच्या दफनभूमीत वडिलांच्या कबरीपाशी पहिल्यांदा गेली. त्यातून ‘इलेक्ट्रा ऑन अॅझेलिया पाथ’ आली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ‘द कलॉसस’ लिहिली गेली, आणि १२ ऑक्टोबर १९६२ ला ‘डॅडी’. तिन्हींत मुलगी आहे आणि मेलेला बाप आहे. आयुष्यात बाप एकदाच मेला, पण या तीन मुली एकमेकींना ओळखणार नाहीत. पहिलीला आपल्या जन्मातच दोष दिसतो, ती अपराधी आहे, आणि बाप गँगरीनने, चारचौघांसारखा गेला हे आईचं सांगणं ती नोंदवते. दुसरी मोडक्या प्रचंड पुतळ्यावर गोंदाची भांडी आणि लायसॉलच्या बादल्या घेऊन मुंगीसारखी चढते, त्याला पुसत-सांधत राहते; तिला राग नाही, तिची आयुष्यभराची पाळी लागली आहे. तिसरी म्हणते, मला तुला मारावं लागलं. यातली खरी सिल्व्हिया कोणती, हा प्रश्न विचारून बघ. तो टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे दाखवायला सिद्धांताचं एकही वाक्य लागत नाही. प्रश्न मग वेगळा होतो : त्याच बापावर तीन वर्षांनी लिहिताना तिला हीच मुलगी का हवी होती?

त्यासाठी ‘डॅडी’ची छापील प्रत घे आणि दोन रंगांच्या पेन्सिली घे. पाच-पाच ओळींची सोळा कडवी आहेत, तासाभराचं काम. आयुष्याशी जुळतं त्याखाली एका रंगाची रेघ, जुळत नाही त्याखाली दुसऱ्या.

वडिलांविषयी तुला एवढं पुरेल : ऑटो प्लाथ जर्मनीतून विशीच्या आत अमेरिकेत आले, बॉस्टन विद्यापीठात जीवशास्त्र शिकवत, भुंग्यांसारख्या केसाळ मधमाश्यांवर त्यांचा ग्रंथ आहे. मधुमेह वेळेवर ओळखला गेला नाही, पायाच्या बोटाला गँगरीन झालं, पाय कापावा लागला आणि नोव्हेंबर १९४० मध्ये ते गेले. नाझी सत्तेवर आले तेव्हा ते कितीतरी वर्षांपूर्वीच अमेरिकेत स्थिरावलेले प्राध्यापक होते.

रेघा ओढून झाल्या की एक गंमत दिसेल. जुळणाऱ्या गोष्टी बारीक आहेत, हाताला लागणाऱ्या आहेत. एक करडं पडलेलं पायाचं बोट. फळ्यापाशी उभा असलेला बाप, कारण तसा फोटो आहे. कवितेच्या सुरुवातीचा काळा बूट, ज्यात मुलगी पायासारखी कोंडून राहिली. जर्मन भाषा, पोलंडमधलं गाव. न जुळणाऱ्या गोष्टी मात्र अवाढव्य आहेत : नाझी, छळछावण्या, ज्यू असणं, खून. म्हणजे ती बारीक सत्यांच्या जामिनावर मोठं असत्य उभं करते. करडं बोट इतकं विचित्र आणि इतकं नेमकं आहे की ते कुणी रचलं असेल असं वाटत नाही, आणि बोटावर विश्वास बसला की पुढचा स्वस्तिकही गळी उतरतो. लॉवेल मुलाखतीत जे बोलला त्याचं हे प्रात्यक्षिक. (प्लाथ आणि अॅन सेक्स्टन या दोघी कवयित्री १९५९ मध्ये बॉस्टनला लॉवेलच्या वर्गात बसत होत्या. निबंधात एका वाक्यात येऊ दे, जास्त नको.)

आता खरी मेख. बारीक गोष्टी खऱ्या आणि मोठ्या खोट्या, या हिशेबात एक गोष्ट बसत नाही. बाराव्या कडव्यात मुलगी म्हणते, तुला पुरलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. प्लाथचा जन्म २७ ऑक्टोबर १९३२ चा. वडील गेले तेव्हा तिला आठवं नुकतंच पूर्ण झालं होतं. आठाचे दहा का झाले? हा बारीक तपशील आहे, बदलून नाट्य वाढत नाही. उलट आठ वर्षांचं पोर जास्त कीव आणतं. छंदाची सोय म्हणावं तर इंग्रजीत एट आणि टेन दोन्ही एकाच आघाताचे शब्द, ओळीच्या लयीला फरक पडत नाही. विसरली म्हणावं तर वडील कधी गेले हे अशी मुलगी विसरत नाही. त्याच काळातल्या समुद्रकाठच्या बालपणावरच्या एका गद्य लेखात ती बाप गेल्यावर आपली पहिली नऊ वर्षं बाटलीतल्या जहाजासारखी बंद झाली असं म्हणते. पंचांगात आठ, गद्यात नऊ, कवितेत दहा.

उत्तर पुढच्याच ओळीत आहे. विसाव्या वर्षी मी मरायचा प्रयत्न केला, असं ती म्हणते. हे जुळतं : ऑगस्ट १९५३, तेव्हा ती वीस वर्षांचीच होती. आणि ‘डॅडी’ लिहिली तेव्हा तिशी पंधरा दिवसांवर आली होती. दहा, वीस, तीस. त्याच महिन्याच्या अखेरीस लिहिलेली ‘लेडी लॅझरस’ काढ. तिथे बोलणारी तीस वर्षांची आहे, दर दहा वर्षांतून एकदा हे करते म्हणते, आणि पहिल्यांदा झालं तेव्हा दहा वर्षांची होते, तो अपघात होता, असंही सांगते. एका कवितेत दहाव्या वर्षी बाप पुरला जातो, दुसरीत दहाव्या वर्षी मुलगी स्वतः मरता मरता वाचते. एकाच आकड्याने दोन घटना शिवून टाकल्या. आठ ठेवले असते तर बापाचं मरण ही बापाची गोष्ट राहिली असती. दहा केल्याबरोबर ती मुलीच्या मरणांच्या मालिकेतली पहिली पायरी झाली, आणि मालिका म्हटली की पुढची पायरी येतेच. दोन वर्षांचा फेरफार आहे, पण कविता त्यावर उभी आहे. प्लाथ नावाच्या बाईचं आयुष्य असं दशकांच्या पायऱ्यांनी चाललं नव्हतं. कवितेतल्या मुलीचं चालतं. तुझ्या निबंधाला हवं ते अंतर हे, आणि ते मोजता आलं : दोन वर्षं.

इथे एका मोहापासून सावध राहा. फेब्रुवारी १९६३ मध्ये प्लाथने आत्महत्या केली. ते माहीत असल्यामुळे या पायऱ्या आपण भविष्यवाणी म्हणून वाचतो, आणि मग कविता चरित्राचा पुरावा होते, चरित्र कवितेचं स्पष्टीकरण होतं, आणि आपण बैलासारखे घाण्याभोवती फिरत राहतो. आपलं असं झालं आहे हे ओळखायची खूण सांगतो. तुझं वाक्य कवितेची एकही ओळ न वाचलेल्या माणसालाही लिहिता आलं असतं का? आलं असतं तर ते चरित्रातलं वाक्य आहे, निबंधातून काढ. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या त्या ऑक्टोबरबद्दल एक वाक्य पुरे.

रेडिओचं टिपण तुला कुठेतरी मिळेलच, म्हणून त्याबद्दलही सांगून ठेवतो. बीबीसीवर वाचण्यासाठी प्लाथने ‘डॅडी’ला छोटी प्रस्तावना लिहिली. ही कविता इलेक्ट्रा गंड असलेल्या, म्हणजे बापाच्या ओढीत अडकलेल्या, एका मुलीच्या तोंडी आहे, बाप देव आहे असं तिला वाटत असतानाच तो मेला. त्यात भर म्हणजे बाप नाझी होता आणि आई बहुधा अंशतः ज्यू, असा तिचा सूर. विद्यार्थी हे टिपण सापडलं की नाचतात : बघा, कवयित्रीनेच ‘एक मुलगी’ म्हटलं, प्रश्न संपला! मला नाही तसं वाटत. परक्या देशात, परक्या लोकांसमोर, नवरा नुकताच घर सोडून गेलेला असताना ‘ही मी आहे’ असं कोण म्हणेल? टिपणातली शांत, किंचित दवाखानी बोलणारी बाईसुद्धा एक भूमिकाच आहे. त्याला साक्ष म्हणून वापर, निकाल म्हणून नको. त्याहून उपयोगाचं ती ३० ऑक्टोबर १९६२ च्या मुलाखतीत बोलली आहे : नुसत्या हृदयाच्या आरोळ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही, अगदी भयंकर अनुभवही जाणत्या बुद्धीने ताब्यात घेता आला, हवा तसा वळवता आला पाहिजे. हे बोलताना ‘डॅडी’ला जेमतेम अडीच आठवडे झाले होते.

आता तुझ्या मॅडमचं ‘निवेदक म्हणते’. सूचना बरोबर आहे, पण नुसती नावाची अदलाबदल केलीस तर काही हाती लागणार नाही. निबंधभर ‘प्लाथ’च्या जागी ‘निवेदक’ टाकून वाचून बघ. अर्थ कुठेच बदलला नाही तर अंतर तुला अजून दिसलेलं नाही. माझ्या मते दोन नावं अपुरीच पडतात, तीन हवीत, आणि ती क्रियापदावरून ठरवायची. बाप गमावला तो बाईने, म्हणजे १९३२ साली जन्मलेल्या सिल्व्हियाने. आठाचे दहा केले, ऊकाराचं यमक ऐंशी ओळी खेळवत ठेवलं, ते टेबलापाशी बसलेल्या कवयित्रीने. बापाला मारलं असं म्हणते ती कवितेतली मुलगी. ‘प्लाथ बापाला ठार करते’ हे वाक्य चूक, कारण ते क्रियापद तिचं नाही. पण ‘निवेदक यमक वापरते’ हेही तितकंच चूक. मुलीला यमकाचं भान नाही, ती किंचाळते आहे. किंचाळी बडबडगीतासारखी वाजावी ही करामत मधल्या कवयित्रीची, आणि चर्चेत नेमकी तीच हरवते. सगळे पहिली आणि तिसरी यांच्यात भांडत बसतात.

सेक्स्टनवर एक परिच्छेद कर, पण एकच. ‘फॉर जॉनी पोल ऑन द फरगॉटन बीच’ या कवितेत युद्धात मेलेला भाऊ आहे. एका समीक्षकाने त्या मेलेल्या भावाबद्दल सहज लिहून टाकलं. सेक्स्टनला भाऊच नव्हता, दोन बहिणी होत्या. तिने त्याला सांगितलं की मला भाऊ नव्हता, पण त्या युद्धात आपणा सगळ्यांचेच भाऊ मेले नाहीत का? उत्तर सुंदर आहे, थोडं सोयीचंही आहे. तुझ्या कामाचा भाग समीक्षकाची चूक हा आहे. सेक्स्टन वेड्यांच्या रुग्णालयाबद्दल खरं लिहिते हे माहीत असल्यामुळे त्याने भावालाही खरं धरलं. जामीन इथेही तोच.

आपल्या भाषेतलं काही घालू का, असं तू विचारलं नाहीस, पण घाल. मात्र ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ अशा थाटात नको, तुलनेने मुद्दा स्पष्ट होतो म्हणून. तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग घे, ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’. त्यात ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असं येतं. याहून उघडी कबुली कोणती? पण त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात की हे बोलू नये, तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून वचन पाळतो आहे. कुणी विचारलं, कुणापुढे बोलतो आहे, सगळं ठरलेलं. आता त्यांच्याच विराण्या काढ : ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी । परि हा वनमाळी न विसंबें’. बोलणारी घरदार सोडलेली बाई आहे, आणि शेवटी शिक्का ‘तुका म्हणे’चा. देहूपासून पंढरपूरपर्यंत कुणालाही घोटाळा होत नाही. दोन्हीकडे शिक्का एकच आणि तोही तृतीयपुरुषी. बोलणाऱ्याला ‘तुका’ म्हणून बाजूला उभं करणारा.

आणि तू ग्वाल्हेरची, तेव्हा तांबे सुटू नयेत. भा. रा. तांबे इथले राजकवी, १९४१ साली इथेच वारले. त्यांची ‘नववधू प्रिया, मी बावरते’ आजही आपल्याकडच्या मंगळागौरीत ऐकायला मिळते. लाजणारी नवरी बोलते, लिहिणारा मिशीवाला पुरुष, आणि पुष्कळ वाचक तिच्यात मृत्यूच्या दारात थबकलेला जीव बघतात. मराठीत याला नाट्यगीत म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यात बोलणारं पात्र निराळं हे गृहीतच असतं. तांबे नवरी नव्हते हे सांगायला निबंध लागत नाही, कारण अंतर लांबूनच दिसतं. प्लाथच्या मुलीचं वय, लिंग, बाप, फोटो, बोट सगळं प्लाथचंच आहे, फक्त दोन वर्षं आणि एक महायुद्ध इकडचं तिकडे. अंतर कमी झालं की आपली सावधगिरी सुटते. ‘डॅडी’लाही नाट्यगीत म्हणून वाचून बघ, मला वाटतं सोळाही कडवी मोकळी होतात.

राहिला काकांचा मुद्दा : बाप तर खरा होता ना. निवेदकाची ढाल कुठपर्यंत चालते, असा तो प्रश्न आहे, आणि त्यासाठी पुन्हा लॉवेल. १९७३ मध्ये त्याचा ‘द डॉल्फिन’ आला. सोडून दिलेली बायको एलिझाबेथ हार्डविक हिने दुःखात लिहिलेली पत्रं त्याने त्यात सॉनेटांत बसवली, आणि तशीच नाही, शब्द बदलून. हस्तलिखित वाचून त्याची जवळची मैत्रीण एलिझाबेथ बिशप हिने १९७२ च्या मार्चमध्ये त्याला कळवळून पत्र लिहिलं. खाजगी गोष्ट उघड केली एवढीच तिची तक्रार नव्हती. पत्रं बदलली, खऱ्यात खोटं मिसळलं आणि वाचकाला कुठलं कुठलं ते कळायला वाव ठेवला नाही, यावर तिचा रोख होता. कलेची एवढी किंमत नसते, असं तिने लिहिलं. पुस्तक निघालं, त्याला पुलित्झरही मिळालं.

‘स्कंक अवर’मध्ये व्हिटमनचा प्रसंग स्वतःच्या नावावर घेतला तेव्हा बदनाम झाला तो लॉवेल. इथे बदललेले शब्द हार्डविकच्या तोंडी गेले, ती जिवंत होती आणि लोक तिला ओळखत होते. ‘ती फक्त कवितेतली बायको’ असं म्हणायची सोय तिला नव्हती. तंत्र दोन्हीकडे तेच, म्हणून फरक तंत्राने सांगता येत नाही. ‘डॅडी’लाही हा प्रश्न लागतो. ऑटो प्लाथ मेलेले होते, पण आई ऑरेलिया जिवंत होती, आणि छळछावण्यांतून वाचलेली माणसं तर जगभर होती. नाझी अधिकारी आइखमनचा खटला आदल्याच वर्षी चालला होता. दुसऱ्यांचं एवढं मोठं दुःख आपल्या घरातल्या रागासाठी वापरावं का, असं समीक्षकांनी विचारलं आणि अजून विचारतात. कवितेतली मुलगी स्वतः ‘असेनही मी थोडी ज्यू’ असं चाचरत म्हणते, ते चाचरणं नीट वाच. मला ते पुरेसं वाटतं, पुष्कळांना नाही वाटत. तू तुझी बाजू घे, पण ओळ दाखवून घे.

तीन हजार शब्दांत सगळं मावणार नाही. माझं ऐकशील तर सुरुवात ‘कन्फेशनल कविता म्हणजे’ अशी करू नकोस. बाराव्या कडव्यातल्या दहाने कर, जन्मतारीख आणि मृत्यूचं वर्ष शेजारी ठेव, आणि वाचकाला वजाबाकी करू दे. रोझेन्थाल आणि ‘स्कंक अवर’ त्यानंतर आण, तीन कविता मध्ये, ‘डॉल्फिन’ शेवटी. तुकोबा किंवा तांबे यांपैकी एकच ठेव. मी तांबे ठेवीन, पण तो ग्वाल्हेरकराचा पक्षपात आहे. पेन्सिलीने रेघा ओढलेली प्रत मात्र टाकून देऊ नकोस. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बहुतेक ‘हे नाझी कुठून आले?’ एवढंच विचारतात, तेव्हा ती समोर ठेवायची.